फळी त्यांची, माल कुणाचा?

सोमवारची सकाळ. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये शेंगदाणे भाजायला घेतले आहेत. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं आणि मीठ कांडप यंत्रात पडेल आणि तेल सुटेपर्यंत कुटलं जाईल. ती चटणी दोनशे ग्रॅमच्या पाकिटात भरायची, तीस पाकिटांचा एक बॉक्स करायचा. त्याआधी मालकीणबाई लॅपटॉप उघडतात. पुण्यात बारा दुकानं असलेल्या एका सुपरमार्केट चेनचा तक्ता समोर येतो: आठवडाभरात कुठल्या दुकानात किती पाकिटं विकली गेली आणि चेनच्या गोडाऊनमध्ये आज किती शिल्लक आहेत. दहा मिनिटं त्या वहीत काहीतरी मांडतात आणि कामगारांना सांगतात, "उद्या तेरा बॉक्स निघतील."

या तेरा बॉक्सची ऑर्डर पुण्याहून आलेली नाही. किती माल पाठवायचा ते विकणाऱ्यानेच ठरवलं आणि घेणाऱ्याने ते आधीच मान्य केलेलं आहे. व्यापारात या पद्धतीला 'व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी', थोडक्यात 'व्हीएमआय' म्हणतात. दुकानदाराचा साठा पुरवठादाराने सांभाळायचा, असा त्याचा साधा अर्थ.

छोट्या खाद्यउद्योगांचे हिशेब पाहणं हे माझं काम. या चटणीच्या कारखान्याची व्यवस्था सुरुवातीपासून मी जवळून पाहिली आहे. पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी नातं खरं आहे. ही पद्धत छोट्या उद्योगाला तारू शकते आणि बुडवूही शकते. तारेल की बुडवेल, ते तीन प्रश्नांवर ठरतं: माल किती पाठवायचा हे कोण ठरवणार, गोडाऊनमधला माल कुणाच्या मालकीचा, आणि तो विकला गेला नाही तर नुकसान कुणाचं? कराराच्या बोलण्यात हे तीन प्रश्न एकाच वाक्यात गुंडाळले जातात. ते सुटे करणं, हेच या लेखाचं काम.

गिऱ्हाईक शांत, ऑर्डर मात्र हेलकावणारी

आधी जुनी रीत पाहू. चेनच्या बारा दुकानांत मिळून रोज साधारण ६० पाकिटं खपतात, म्हणजे आठवड्याला ४२० आणि महिन्याला १,८०० च्या आसपास. ज्यांच्या घरी ही चटणी रोजच्या जेवणात असते ते पाकीट संपलं की दुसरं घेतात. त्यात फार चढउतार नसतो.

पण कारखान्याकडे येणारी ऑर्डर पाहिली तर ती कुठल्या वेगळ्याच मालाची वाटायची. एका महिन्यात २,४०० पाकिटं, पुढच्या महिन्यात ९००, तिसऱ्या महिन्यात २,१००. तिन्ही महिन्यांची बेरीज केली तर ५,४०० च येते, म्हणजे खपाइतकीच. तरीही कारखान्याला कधी रात्रपाळी लावावी लागायची, तर कधी कामगारांना सुट्टी द्यावी लागायची. कारण चेनच्या खरेदी विभागातल्या माणसाकडे शेकडो वस्तू असतात. चटणीकडे तो महिन्यातून एकदा पाहतो. माल संपत आला असेल तर पुन्हा तसं होऊ नये म्हणून जास्त मागवतो, आणि पुढच्या महिन्यात गोडाऊन भरलेलं दिसलं की हात आखडतो. त्याचं तसं चुकत नाही, त्याला दिसतं तेवढ्यावर तो ठरवतो.

फळीवरचा छोटा चढउतार मागे कारखान्यापर्यंत पोचताना मोठा होत जातो, याची मांडणी अमेरिकेतल्या एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली आपल्या पुस्तकात केली. पुढे याला 'बुलव्हिप इफेक्ट' असं नाव पडलं. चाबकाची मूठ जराशी हलवली तरी टोक केवढं तरी फिरतं, तसं हे. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला हे लहान मुलांच्या डायपरमध्ये दिसलं. बाळं वर्षभर सारख्याच वेगाने डायपर वापरतात, पण कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी मात्र वर-खाली होत होत्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या कंपनीने आणि वॉलमार्टने दुकानातल्या विक्रीची माहिती थेट वापरून माल भरायची व्यवस्था बसवली. ती गाजली, आणि व्हीएमआयचं नाव जगभर झालं.

दोन राक्षसी कंपन्यांची ही गोष्ट चटणीवाल्या बाईंना कशी लागू पडते? त्यांच्या बाबतीत तो चाबूक आणखी जोरात बसतो. त्यांच्या चटणीची मुदत ९० दिवसांची. माल गोडाऊनला पोचेल तेव्हा मुदतीतले ६० दिवस तरी शिल्लक हवेत, ही चेनची अट. म्हणजे पाकीट भरल्यापासून ३० दिवसांत ते पुण्यात पोचायलाच हवं. पुन्हा २,४०० ची ऑर्डर येईल या आशेने त्यांनी माल भरून ठेवला आणि ऑर्डर ९०० चीच आली, तर उरलेली १,५०० पाकिटं महिनाभरात त्या चेनसाठी बाद होतात. चटणी चांगली असते, पण तिला ते दार बंद झालेलं असतं.

तेरा बॉक्सचा हिशेब

आता नव्या व्यवस्थेत दर सोमवारी काय होतं ते नीट पाहू. सोमवारी आकडा ठरतो, मंगळवारी रात्री टेम्पो सोलापूरहून निघतो, बुधवारी सकाळी माल पुण्याच्या गोडाऊनला उतरतो. पुढचा निर्णय पुढच्या सोमवारी आणि त्याचा माल त्याच्या बुधवारी. म्हणजे आज जे ठरेल त्यावर पुढच्या बुधवारपर्यंत, नऊ दिवस निभवायचं आहे. रोज ६० या हिशेबाने नऊ दिवसांना ५४० पाकिटं लागतील.

पण खप रोज नेमका ६० नसतो. मालकीणबाईंनी मागच्या सहा महिन्यांचे नऊ-नऊ दिवसांचे आकडे मांडले. सणवार सोडून साध्या दिवसांत सगळ्यात जास्त खप सरासरीपेक्षा ९० पाकिटांनी वर गेला होता. ती ९० पाकिटं गंगाजळी म्हणून धरली. ५४० आणि ९० मिळून ६३०, म्हणजे २१ बॉक्स. हा त्यांचा वरचा आकडा. सोमवारी गोडाऊनमधला माल अधिक वाटेवरचा माल मिळून जेवढा भरेल, तो ६३० पर्यंत न्यायचा. त्या दिवशी शिल्लक २४० होती आणि वाटेवर काही नव्हतं. ६३० मधून २४० गेले, ३९० उरले. तीस पाकिटांचा एक, असे बरोबर तेरा बॉक्स.

एवढ्या साध्या वजाबाकीने काय बदललं? बुधवारचा माल येण्याआधी गोडाऊनमध्ये साधारण ती गंगाजळीच उरते आणि माल आल्यावर त्यात आठवड्याची भर पडते. सरासरी काढली तर ३०० पाकिटं, म्हणजे पाच दिवसांचा साठा. पूर्वी २,४०० पाकिटं एकदम उतरली की चाळीस दिवसांचा माल गोडाऊनची जागा अडवून बसायचा. चेनची जागा मोकळी झाली, पैसे मोकळे झाले आणि खरेदीच्या माणसाचं एक काम कमी झालं. इकडे कारखान्यात दर आठवड्याला तेरा-चौदा बॉक्सचंच काम निघतं. शेंगदाणा आठवड्याच्या गरजेएवढा घेता येतो, रात्रपाळी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे मंगळवारी निघणारी चटणी त्याच आठवड्यात कुटलेली असते. साठ दिवसांच्या अटीची धास्ती राहत नाही.

आणखी एक फायदा आहे, तो माणसाच्या जाणतेपणाचा. आषाढात कांदेनवमी झाली की चातुर्मास लागतो आणि बऱ्याच घरांत, निदान श्रावणात तरी, लसूण बंद होतो. चेनची संगणकप्रणाली मागच्या चार आठवड्यांची सरासरी पाहून चालते. खप उतरल्याचं तिला उशिरा कळतं, आणि पुढे खप पुन्हा चढतो तेव्हाही ती मागेच राहते. मालकीणबाईंना हे पंचांग पाहूनच माहीत असतं. आषाढी एकादशीच्या आधीच्या सोमवारी त्या लसणाच्या चटणीचा रोजचा अंदाज ६० वरून ४५ वर आणतात आणि बिनलसणाच्या चटणीचा वाढवतात. माल ओळखणाऱ्याच्या हातात निर्णय असण्याचा खरा अर्थ हा.

संगणकात आहे, फळीवर नाही

पण हा सगळा डोलारा चेनने पाठवलेल्या आकड्यांवर उभा आहे. आकडा चुकला की वजाबाकी कितीही बरोबर असली तरी माल चुकतोच.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे माल उतरून घेतल्याची नोंद उशिरा होणं. बुधवारी उतरलेल्या तेरा बॉक्सची पोच, ज्याला गोडाऊनमध्ये जीआरएन म्हणतात, ती सोमवारपर्यंत संगणकात चढलीच नाही तर? तक्त्यात माल कमी दिसतो, आणि आपण तेवढाच माल पुन्हा पाठवून बसतो. हे टाळायला उपाय साधा आहे. आपली बिलं आणि त्यांच्या पोचा दर सोमवारी समोरासमोर ठेवायच्या. ज्या बिलाची पोच नाही तो माल अजून वाटेवर आहे असं धरून मोजायचा आणि गोडाऊनला फोन लावायचा.

दुसरी चूक लपलेली असते. पुण्यातल्या एका दुकानात रोज सरासरी पाच पाकिटं जायची. एका आठवड्यात तिथला खप मंगळवारपासून शून्य दिसू लागला. गुरुवारीही शून्यच. साठ्याच्या रकान्यात मात्र अकरा पाकिटं. मालकीणबाईंनी मला सांगितलं, "जाताजाता जरा बघून या." मी गेले. चटणीच्या जागेवर शेजारच्या लोणच्याच्या बरण्या सरकवलेल्या होत्या. तिथल्या मुलाला विचारलं तर त्याने हातातल्या यंत्रावर पाहिलं आणि म्हणाला, "ताई, सिस्टीमला अकरा दाखवतंय. असेल की इथंच कुठंतरी." आम्ही दोघांनी खालची फळी आणि मागची खोली पाहिली. चार फुटलेली पाकिटं एका खोक्यात सापडली. बाकीची सात सापडलीच नाहीत.

ती सात कुठे गेली? एक शक्यता चोरीची. दुसरी जास्त साधी आहे. गिऱ्हाईक दोन लसणाची आणि एक बिनलसणाची अशी तीन पाकिटं घेतं. किंमत तीच, म्हणून काउंटरवरचा मुलगा घाईत एकच पाकीट तीनदा स्कॅन करतो. असं रोज थोडं थोडं झालं की एका चटणीचा साठा कागदावर खरा त्याहून जास्त दिसतो आणि दुसरीचा कमी. जिचा जास्त दिसतो ती फळीवरून संपते, तरी संगणक म्हणतो माल आहे. म्हणून दुकानाला नवा माल जात नाही. माल नाही म्हणून खप नाही, आणि खप नाही म्हणून सरासरी घसरते. व्यवस्था स्वतःलाच पटवते की या दुकानात चटणी चालत नाही.

हे सोलापुरात बसून ओळखायची खूण आहे. ज्या दुकानात रोज सरासरी पाच पाकिटं जातात, तिथे एखादा दिवस निव्वळ योगायोगाने कोरा जाण्याची शक्यता दीडशे दिवसांतून एकदा एवढीच. सलग दोन दिवस कोरे जाणं तर जवळजवळ अशक्य. तेव्हा साठा दिसतो आहे आणि दोन दिवस खप नाही, असं दिसलं की गिऱ्हाईक रुसलं असं समजायचं नाही. फळी रिकामी आहे असं समजायचं आणि दुकानात माणूस पाठवायचा. करारात 'आम्ही कळवल्यावर दोन दिवसांत दुकानाने प्रत्यक्ष मोजणी करून आकडा दुरुस्त करावा' हे एक वाक्य असलं तर पुढचे कित्येक वाद टळतात.

तिसरी गोष्ट ऑफरची. दोन पाकिटांवर एक मोफत, अशी योजना चेन काही आठवडे आधी ठरवते, पण ती पुरवठादाराला सांगायची राहून जाते. त्या आठवड्यात ६० ऐवजी १३० पाकिटं जातात आणि फळ्या रिकाम्या पडतात. पुढच्या सोमवारी तो वाढलेला आकडाच खरा खप मानला, तर ऑफर संपल्यावर माल पडून राहतो. निर्णय आपला असेल तर योजनेची माहिती आपल्याला आधी मिळायला हवी. या कारखान्याने २१ दिवस आधी लेखी कळवण्याची अट घातली. न कळवता लावलेल्या ऑफरमुळे माल कमी पडला तर दंड लागणार नाही, हेही लिहून घेतलं.

मालकी कुणाची? एका लाखाचा प्रश्न

इथपर्यंत फक्त निर्णयाचं बोलणं झालं. आता मालकीकडे येऊ, कारण छोटा उद्योग घसरतो तो इथे.

व्हीएमआयचं बोलणं चालू असताना चेनकडून बहुधा आणखी एक गोष्ट हळूच पुढे येते: "माल तुम्हीच ठरवून पाठवता, मग तो विकला जाईपर्यंत तुमचाच राहू दे. जेवढा विकेल तेवढ्याचे पैसे देऊ." याला कन्साइनमेंट म्हणतात. मराठी वाचकाला ही पद्धत नवी नाही. दिवाळी अंक स्टॉलवर असेच ठेवलेले असतात. खपले तेवढ्याचे पैसे, उरले ते परत. पण ही व्हीएमआयची अट नव्हे. निर्णय आपला असू शकतो आणि तरीही माल गोडाऊनला उतरला की मालकी चेनची होऊ शकते. या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा पैशाचा हिशेब फार वेगळा आहे.

चेनला पाकीट ६० रुपयांना जातं. रोज ६० पाकिटं, म्हणजे दिवसाला ३,६०० रुपयांची विक्री. माल उतरल्या दिवशी मालकी बदलली आणि पैसे ४५ दिवसांनी मिळाले, तर कायम ४५ दिवसांचे पैसे अडकलेले राहतात: १,६२,००० रुपये.

आता कन्साइनमेंट. गोडाऊनमधली ३०० पाकिटं आपली. शिवाय बारा दुकानांत प्रत्येकी ४० धरली तर ४८० पाकिटं तीही आपलीच. एकूण ७८०, म्हणजे तेरा दिवसांचा माल. तो विकला गेल्यावर चेन महिनाअखेरीस विक्रीचा तक्ता देते, त्यासाठी सरासरी पंधरा दिवस थांबायचं. मग त्या तक्त्यावर बिल, आणि बिलापासून ४५ दिवस. तेरा, पंधरा आणि पंचेचाळीस मिळून ७३ दिवस. अडकलेले पैसे २,६२,८०० रुपये. चटणी तीच, खप तोच, भावही तोच, पण एक लाखाहून अधिक रक्कम जास्त गुंतली. बँकेचं कर्ज १४ टक्क्यांनी असेल तर वर्षाला चौदा हजार रुपये व्याज, तेही एका चेनच्या एकाच चटणीवर. असे दहा प्रकार दिले तर कारखान्याचं खेळतं भांडवलच आटतं. नफा कागदावर दिसतो आणि शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याला द्यायला पैसे नसतात.

कायद्याचंही इथे पाहायला हवं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचा माल घेतल्यावर त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात त्याहून लांबची मुदत लिहिली तरी ती टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. पण हे ४५ दिवस मोजायचे कधीपासून? माल उतरताच विक्री झाली असेल तर उत्तर सरळ आहे. कन्साइनमेंटमध्ये समोरचा म्हणू शकतो की गिऱ्हाईकाने पाकीट घेईपर्यंत आम्ही ते विकतच घेतलं नव्हतं. मग कायद्याने दिलेलं संरक्षण तेरा दिवसांच्या साठ्यामागे आणि महिनाअखेरच्या तक्त्यामागे लपतं. कन्साइनमेंट घ्यायचीच असेल तर विक्रीचा तक्ता महिन्याला न घेता दर आठवड्याला मागावा. एवढ्यानेच पंधरा दिवसांची वाट तीन-चार दिवसांवर येते.

माल आपला असेल तर कागदपत्रंही बदलतात. जीएसटीमध्ये, खपला तर घ्यायचा अशा बोलीवर पाठवलेला माल बिलावर न जाता डिलिव्हरी चलनावर जातो. बिल विक्रीच्या वेळी करायचं, आणि विक्री झाली नाही तरी माल निघाल्यापासून सहा महिन्यांत ते करावंच लागतं. विम्याचंही तसंच. कारखान्याच्या शेडचा विमा पुण्याच्या गोडाऊनमधल्या मालाला आपोआप लागू होत नाही. तिथे पाणी शिरलं किंवा आग लागली, तर नुकसान मालकाचं, आणि मालक सोलापुरात बसलेला आहे.

कन्साइनमेंटच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. बिग बझार चालवणारी फ्यूचर रिटेल ही कंपनी २०२२ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी उधारीवर माल दिलेला पुरवठादार देणेकऱ्यांच्या रांगेत बँकांच्या बराच मागे उभा राहतो. पण जो माल अजून आपल्याच मालकीचा आहे आणि फक्त त्यांच्या ताब्यात आहे, तो दिवाळखोर कंपनीची मालमत्ता धरला जात नाही. चलनं, साठ्याचे तक्ते आणि करार नीट असतील तर तो परत मागता येतो. म्हणजे चेनच्या तब्येतीबद्दल शंका असेल तर मालकी आपल्याकडे असण्याला अर्थ आहे. नाहीतर ती चेनची उधारी आपण पोसण्याची सोय आहे.

मुदत संपलेल्या पाकिटाची जबाबदारी

तिसरा प्रश्न नुकसानीचा. मालकी चेनची असली तरी मुदत संपलेला माल परत पाठवून त्याची रक्कम पुढच्या बिलातून कापायची, म्हणजे डेबिट नोट लावायची, ही प्रथा अनेक ठिकाणी आहे. चेनचं म्हणणं असं की माल तुम्ही ठरवून पाठवलात, जास्त झाला तर तो तुम्हीच सोसा. यात अर्धं सत्य आहे. आपण ६३० चा आकडा ओलांडून माल कोंबला असेल तर दोष आपलाच. पण आकड्याच्या आत राहूनही पाकीट फळीवर मेलं, तर बहुतेक वेळा कारण दुकानात असतं. नवा माल आला की तो पुढे लावून मोकळं व्हायचं, जुना मागे ढकलला जायचा. गिऱ्हाईक पुढचं उचलतं आणि मागची पाकिटं तिथेच म्हातारी होतात.

कोणाचं चुकलं हे पाकीटच सांगतं, त्यावर बॅच नंबर असतो. परत आलेली पाकिटं एप्रिलच्या बॅचची असतील आणि त्याच दुकानाने मे आणि जूनच्या बॅचची पाकिटं विकल्याचं दिसत असेल, तर माल जास्त झाला नव्हता, फक्त उलट्या क्रमाने विकला गेला. या कारखान्याने म्हणून दोन गोष्टी लिहून घेतल्या. ठरलेल्या वरच्या आकड्याच्या आत पाठवलेल्या मालाची मुदत संपली तर नुकसान निम्मं-निम्मं. आणि बॅच नंबरासह माल प्रत्यक्ष परत आल्याशिवाय डेबिट नोट मान्य नाही. दुसऱ्या अटीमुळे डेबिट नोटांची संख्याच कमी झाली, कारण त्या लावण्याआधी कुणालातरी पाकिटं मोजावी लागू लागली.

आधी एक गोडाऊन, एक चटणी

इटलीतल्या पार्मा शहरातली बरिला ही पास्ता करणारी कंपनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच वाटेने गेली. माल किती पाठवायचा ते आम्ही ठरवतो, असं तिने वितरकांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते साफ नाकारलं. आपला साठा दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा, ही त्यांची भीती. कंपनीच्या स्वतःच्या विक्रेत्यांनाही ते नको होतं. मोठमोठ्या ऑर्डरी मिळवणं हेच त्यांचं काम होतं, आणि ते हातचं जाणार होतं. शेवटी बरिलाने ही पद्धत आधी आपल्याच गोडाऊनमध्ये वापरून दाखवली आणि आकडे घेऊन वितरकांकडे गेली. एवढ्या मोठ्या कंपनीला जो धीर धरावा लागला, तो छोट्या उद्योगाने तर धरायलाच हवा.

सोलापूरच्या कारखान्याने पहिले तीन महिने एकच चटणी आणि एकच गोडाऊन घेतलं. त्या काळात चेनची जुनी ऑर्डरची पद्धतही चालू ठेवली, आणि दर सोमवारी आपला आकडा फक्त वहीत लिहिला. तीन महिन्यांनी वहीतले आकडे आणि प्रत्यक्ष ऑर्डरी शेजारी ठेवल्या. कुठला आकडा खपाच्या जवळ आहे हे समोरच्याला न बोलता दिसलं. मग निर्णय हाती आला. मालकी त्यांनी आपल्याकडे ठेवली नाही: माल उतरला की बिल, बिलापासून ४५ दिवस. त्याच सुमारास दुसऱ्या एका चेनने कन्साइनमेंटची अट घालून दुप्पट माल घ्यायची तयारी दाखवली. मालकीणबाईंनी तो ७३ दिवसांचा हिशेब मांडला आणि नको म्हणून कळवलं.

एक धोका मात्र कुठल्याच करारात बंद होत नाही. ही व्यवस्था चांगली चालली की त्या चेनला जास्त माल जातो, यंत्रं तिच्या सोमवारच्या आकड्यावर चालू लागतात, आणि गावातल्या दुकानदारांकडे लक्ष कमी होतं. पुढे चेनने स्वतःच्या नावाची शेंगदाणा चटणी फळीवर आणली तर? कुठल्या दुकानात, कुठल्या महिन्यात, किती आणि कुठली चटणी खपते हे तिला आपल्याइतकंच माहीत असतं. म्हणून मालकीणबाईंनी एक आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे: या चेनची विक्री एकूण विक्रीच्या ४० टक्क्यांवर गेली की त्या महिन्यात नवा बॉक्स पुण्याऐवजी कोल्हापूर, लातूरच्या दुकानदारांना दाखवायचा. मागच्या वेळी मी गेले तेव्हा तो आकडा ३७ होता, आणि शेडच्या दाराशी लातूरचा टेम्पो भरत होता.